मदत हवी आहे: मैत्रिणीचं मिसकॅरेज झालंय, मेसेजमध्ये नेमकं काय लिहू?

सायली_ठाणे: कॉलेजपासूनची मैत्रीण, वय ३४. दुसऱ्या आयव्हीएफला दिवस राहिले होते. नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, गेल्या मंगळवारी क्युरेटिंग झालं. तिनेच मला फोन केला आणि मी गडबडून बोलून गेले, "अगं, निदान दिवस राहतात हे तरी कळलं. होईल परत." ती "हं" म्हणाली आणि फोन ठेवला. पाच दिवस झाले, काहीच नाही. आता हे लिहून ठेवलंय:

"खूप वाईट वाटलं गं. पण तू स्ट्राँग आहेस. देवाच्या मनात काहीतरी असेल. माझ्या वहिनीला तिसऱ्या वेळी राहिलं, आता मुलगा पाच वर्षांचा आहे. टेन्शन घेऊ नकोस. काहीही लागलं तर सांग."

पाठवू का? आणि एक गोष्ट गळ्याशी अडकली आहे. मला स्वतःला चौथा महिना लागलाय, तिला अजून सांगितलेलं नाही.

मंदार७८: काही पाठवू नका. विषयच काढला नाही की माणूस हळूहळू विसरतं. खोदून विचारलं की त्रास होतो.

नंदा_काकू: बेडरेस्ट घेतली होती का तिने? माझ्या जावेचं स्कूटरमुळे झालं होतं. पुढच्या वेळी पहिले तीन महिने पलंगावरून उतरू देऊ नका. आमच्याकडे एक वैद्य आहेत, पत्ता देते.

शुभदा_क: नंदाकाकू, सायली उपचार विचारत नाहीये. आणि स्कूटरचं तिच्यासमोर कधीही काढू नका. इतक्या लवकर गर्भ जातो तेव्हा बहुतेकदा गुणसूत्रांत दोष असतो. स्कूटर, जिना, पपई यांनी तो होत नाही. बायका मात्र रात्र रात्र तेच आठवत बसतात.

सायली, वंध्यत्व उपचार केंद्रात ११ वर्षं समुपदेशन करतेय, म्हणून तुझा मेसेज जरा कापते. "स्ट्राँग आहेस" म्हटलं की तिला रडायची सोय उरत नाही. देव आणि वहिनी, दोन्ही काढ. वहिनीचा मुलगा तिच्या बाळाच्या जागी कसा चालेल? "काहीही लागलं तर सांग" यात मागायचं काम तिच्यावर पडतं. क्युरेटिंगनंतर एक-दोन आठवडे थोडंफार रक्त जात राहतं, अंगात त्राण नसतं, तेव्हा नेमकं एक काम सांग. आणि फोनवर जे बोललीस त्याची माफी एका वाक्यात माग, स्पष्टीकरण नको. एवढंच राहतं:

"त्या दिवशी मी चुकीचं बोलले, माफ कर. तुझं बाळ गेलं, मला फार वाईट वाटतंय. गुरुवारी सातला डबा दाराच्या कडीला अडकवून जाईन, वर येणार नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल."

"बाळ" हा शब्द ती स्वतः वापरते का, ते आठवून बघ. काही जणींना तो नको असतो.

मंदार, खोदून विचारू नये हे बरोबर. पण गप्प बसलेली माणसं तिच्या लक्षात राहतात.

सायली_ठाणे: फोनवर तीच म्हणाली होती, "बाळ गेलं." आणि माझी बातमी?

शुभदा_क: या आठवड्यात नको, पण दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांग. फोनवर नाही, ग्रुपवर तर नाहीच. फक्त तिला मेसेज कर. समोरासमोर सांगितलंस तर तिला लगेच हसून "अभिनंदन" म्हणावं लागतं; मेसेज वाचून ती आधी रडू शकते. सोनोग्राफीचा फोटो जोडू नकोस. तिचे पूर्ण दिवस तुझ्यानंतर महिनाभराने भरले असते, हे तिला मोजावं लागणार नाही, आपोआप दिसेल. ती तारीख लिहून ठेव. त्या दिवशी "आज तुझी आठवण येतेय" एवढंच पाठव.

प्रसाद_कोथरूड: आमचं दोन वर्षांपूर्वी झालं. सगळे मला विचारायचे, "ती कशी आहे?" मी गाडीत बसून रडायचो आणि मग वर जायचो. तिच्या नवऱ्यालाही एकदा फोन करा. बायकोने तेव्हा सिक लीव्ह संपवली. मिसकॅरेजनंतर कायद्याने ६ आठवडे पगारी रजा मिळते, हे आम्हाला नंतर कळलं. डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. हे त्याला सांगा, तिला नको.

सायली_ठाणे: पाठवला. दोन दिवस निळ्या टिका नुसत्या. गुरुवारी मुगाची खिचडी आणि कढी कडीला अडकवून आले. रात्री तिचा मेसेज आला: "कढीत आलं जास्त झालंय." मी फोन हातात धरून बराच वेळ रडले. तिच्या नवऱ्याने त्याच्या ऑफिसात विचारून तिच्या रजेचा अर्ज लिहून दिलाय.

माझ्या बातमीचा मेसेज लिहून ठेवलाय, पुढच्या आठवड्यात पाठवेन. पण डोहाळजेवणाचं काय? बोलवावं की नाही?

शुभदा_क: बोलव, आणि त्याच मेसेजमध्ये लिही की आली नाहीस तरी चालेल.

प्रसाद_कोथरूड: माझी बायको म्हणते, बोलवूच नका. आमंत्रण आलं की नाही म्हणायचंही ओझं होतं.

नंदा_काकू: माझी जाऊ आली होती माझ्या सुनेच्या डोहाळजेवणाला. ओटी भरताना तिचे हात थरथरत होते. तेव्हा मला कळलं नव्हतं.