‘बालसैनिक’, ‘भरती’ आणि ‘वापर’

कर्वेनगरकर: एका स्वयंसेवी संस्थेच्या प्रशिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर उभे आहे त्या रोम संविधीतील युद्धगुन्ह्यांचे कलम मराठीत आणत आहे. पंधरा वर्षांखालील मुलांबाबत त्यात तीन कृत्ये सांगितली आहेत : सक्तीने घेणे, आपणहून आलेल्याला दाखल करून घेणे आणि लढाईत सक्रिय सहभागासाठी वापरणे. पहिल्या दोहोंना नुसते ‘भरती’ लिहिले, तर भेद पुसला जातो. शिवाय अशा मुलाला ‘बालसैनिक’ म्हणावे का?

सदाशिव पेठ: मुळीच नको. सैनिक म्हटले की शपथ, पगार आणि मान आला. पळवून नेलेल्या मुलाला यातले काय मिळते? वयही तपासून पाहा, अठरा वर्षांखालील कोणतीही भरती गुन्हाच आहे.

खडकवासला: मग माझा पुतण्या सतरा पूर्ण होण्याआधी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेला, तो गुन्हा झाला का? त्याला कोणी बालसैनिक म्हटलेले आम्हांला चालणार नाही.

निवृत्त वकील: दोन मर्यादांची गल्लत होत आहे. रोम संविधीतील हा युद्धगुन्हा १५ वर्षांखालच्या मुलांपुरता आहे. बालहक्क कराराला २००० साली जोडलेल्या प्रोटोकॉलनुसार १८ वर्षांखाली सक्तीची भरती करता येत नाही आणि बंडखोर गटांनी तर त्या वयाच्या कोणालाही घ्यायचे नाही. स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी मात्र प्रत्येक देशाने किमान वय जाहीर करायचे असते. भारताने ते १६ सांगितले असून, १८ पूर्ण झाल्यावरच जवानाला प्रत्यक्ष कारवाईच्या भागात धाडू, असेही नमूद केले आहे. तेव्हा आपल्या पुतण्याबाबत काळजी नसावी.

कर्वेनगरकरांनी लुबांगा खटल्याचा निकाल अवश्य वाचावा. काँगोतील इतुरी भागातल्या सशस्त्र गटाच्या या म्होरक्याला त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवले. मूल स्वतःहून आले, हा बचाव न्यायाधीशांनी मानला नाही. त्यामुळे शिक्षेपुरता पहिल्या दोन कृत्यांतला भेद फारसा उरत नाही. खरी अडचण वयाची होती. जन्मदाखले नसल्याने मनगटाची हाडे आणि दात यांच्या क्ष-किरण तपासण्या झाल्या, परंतु त्यांतून नेमके वय निघत नाही. अनेक मुलांच्या साक्षीही साक्षीदार शोधून देणाऱ्या मध्यस्थांमुळे विश्वासार्ह राहिल्या नाहीत. अखेर चित्रफितींनी काम केले, कारण त्यांत लुबांगाच्या अंगरक्षकांमध्ये उघडउघड पंधराच्या खालची पोरे दिसत होती.

सदाशिव पेठ: वयाबाबत आपले मान्य. तरी ‘बालसैनिक’ला माझा विरोध कायम आहे, ‘सशस्त्र गटाने वापरलेले मूल’ असे लांबलचक लिहिले तरी चालेल.

धनकवडीची वाचक: ‘वापरलेले’ तरी पुरेसे आहे का? त्याच खटल्यात छावणीतील मुलींवरील लैंगिक अत्याचार ‘वापर’ या गुन्ह्यात धरावेत, असे न्यायाधीश ओदियो बेनितो यांनी स्वतंत्र मत देऊन म्हटले होते, परंतु बहुमताने ते त्यात धरले नाहीत. स्वयंपाक, पाणी, ओझी आणि अत्याचार हे सारे सोसलेल्या मुलीला सैनिक म्हणा वा न म्हणा, ती यादीतून गळते ती नेमकी इथे.

निवृत्त वकील: अनुवादकाने कलमात नसलेला अर्थ त्यात घालू नये. तो वाद तळटीपेत द्यावा.

धनकवडीची वाचक: प्रशिक्षणात तळटीप कोण वाचतो, वकीलसाहेब? मजकुरातच यायला हवे.

कर्वेनगरकर: आणि ‘सक्तीने घेणे’ याला एकच शब्द कोणी सुचवील का?