बिलातला गुणक ४०० की ६००? आणि तो मीटरमध्येच का टाकत नाहीत?

हिशेब_मिरज
मी कारखान्यात अकाउंट्स बघते. आमचं ११ केव्हीचं एचटी, म्हणजे उच्चदाबाचं कनेक्शन आहे. मार्चमध्ये मंजूर मागणी ३०० वरून ५०० केव्हीए झाली, तेव्हा क्युबिकलमधल्या २०/५ च्या सीटी, म्हणजे मीटरसाठी करंट कमी करणारे ट्रान्सफॉर्मर, काढून ३०/५ च्या बसवल्या. व्होल्टेज तसंच कमी करणारी पीटी जुनीच, ११०००/११०. मीटरच्या रीडिंगला ज्याने गुणून युनिट काढतात तो 'गुणक अवयव' बिलावर तेव्हा ४०० होता, आजही ४००च आहे. मागच्या महिन्यात केव्हीएएच रीडिंगचा फरक २५१.२ आला आणि बिल १,००,४८० युनिटचं. नवीन मशिनं चालू असताना एमडी, म्हणजे महिन्यातली कमाल मागणी, फक्त ३१२ केव्हीए कशी? मालक म्हणतात, कपॅसिटर लावले म्हणून. गुणक बरोबर आहे का? आणि हा आकडा सरळ मीटरमध्येच का टाकत नाहीत?

वायरमन_विकी
सीटीचे ६, पीटीचे १००. गुणाकार ६००. विषय संपला.

शिवाजीनगरकर
ताई, थेट तक्रार निवारण मंचात जा. आमच्या सोसायटीतही हेच. मीटरवर दोनशे-तीनशे युनिट दिसतात आणि बिलात ४० ने गुणतात. २००/५ की काहीतरी लिहिलंय पेटीवर. सरळ लूट आहे.

वायरमन_विकी
अहो दादा, त्यांचं बिल कमी येतंय, जास्त नाही! आणि तुमच्या २००/५ चे ४० बरोबरच आहेत. एलटीला, म्हणजे लघुदाबाला पीटी नसते, नुसता सीटीचा गुणक लागतो.

टेस्टिंगवाले_काका
विकी, ६०० हे उत्तर बहुधा बरोबर निघेल, पण तू वाट अर्धीच चाललास. गुणक नुसत्या सीटी-पीटीवरून निघत नाही. मीटर आत कोणतं गुणोत्तर धरून बसलाय, त्याने भागावं लागतं. मीटरच्या पट्टीवर नुसतं '-/५ अँपिअर, ११० व्होल्ट' असेल तर मीटर सेकंडरीचीच, म्हणजे सीटी-पीटीतून कमी होऊन आलेल्या करंट-व्होल्टेजचीच मोजणी करतो आणि तुझे ६०० खरे. पण पट्टीवर '११ केव्ही/११०' असेल तर पीटीचे शंभर मीटरने आधीच धरलेत, बाहेर उरतात फक्त ६. आणि '२०/५, ११ केव्ही/११०' असा प्रोग्राम केलेला मीटर असेल तर ३०/५ भागिले २०/५, म्हणजे गुणक दीड! डायल फॅक्टर वेगळा लिहिला असेल तर त्यानेही गुणायचं.

ताई, मीटरची पट्टी वाचा. मग बटण दाबत जाऊन व्होल्टेज आणि करंट किती दिसतात ते इथे लिहा.

मालकांच्या कपॅसिटरबद्दल: गुणक ६०० धरला तर ३१२ ची एमडी ४६८ होते. ती नुसत्या पॉवर फॅक्टरने ३१२ वर आणायची, तर तो ०.६६ वरून ०.९९ व्हायला हवा. आधीच्या बिलांत ०.६६ दिसतो का?

हिशेब_मिरज
नाही, काका. मागची दोन वर्षं ०.९७ च्या वरच आहे. पट्टीवर '-/५ ए' आणि '११० व्ही' एवढंच. व्होल्टेज ६३.५, ६३.४, ६३.६ आणि दुपारी सगळं चालू असताना करंट तिन्ही फेजना ४.१ च्या आसपास.

एचटी_सुपरवायझर
थांबा, घाई नको. आमच्याकडे पीटीचा एक फ्यूज गेला होता, तेव्हा रीडिंग असंच साधारण तिसऱ्या हिश्श्याने घसरलं होतं. ४०० आणि ६०० मधला फरकही नेमका तिसरा हिस्सा. गुणक बदलायला लावाल आणि खरा दोष राहील फ्यूजमध्ये.

टेस्टिंगवाले_काका
शंका रास्त आहे, म्हणूनच व्होल्टेज विचारले. फ्यूज गेला असता तर एका फेजला ६३ च्या खूप खाली काहीतरी दिसलं असतं. इथे तिन्ही साडेत्रेसष्टच्या आसपास आहेत आणि करंटही सारखे. ११० ला १.७३२ ने भागा, ६३.५ येतात. म्हणजे मीटर सेकंडरी दाखवतोय आणि धड दाखवतोय. चूक असलीच तर मीटरच्या बाहेर, बिलात.

तरी सीटीच्या पट्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कित्येक सीटी दुहेरी असतात, २०-३०/५ अशा, आणि कोणतं गुणोत्तर चालू आहे ते जोडणीवर ठरतं. कागदावर ३० आणि जोडणी २० वर, असं मी पाहिलंय. ११ केव्हीच्या बाजूला कोणी क्लॅम्प लावायला जाऊ नका. ट्रान्सफॉर्मरच्या एलटी पॅनलचा करंट मीटरचं वाचन घेताना त्याच क्षणी बघा. ११०००/४३३ चा ट्रान्सफॉर्मर असेल आणि सीटी खरंच ३०/५ वर असतील, तर मीटरच्या ४.१ ला एचटीत २४.६ अँपिअर आणि एलटीला साधारण ६२५ यायला हवेत. सीटी २० वर राहिली असती तर त्याच लोडला मीटरने ६.१५ दाखवले असते.

डेटा_देशपांडे
हे सगळं पाहून माझं मत पक्कं होतं: एवढी कसरत ग्राहकाने का करायची? सीटी बदलणारा माणूस मीटरपाशी उभा असतो. त्यानेच नवीन गुणोत्तर मीटरमध्ये घालावं, बिलात गुणक कायम १. आज सीटी क्युबिकलमध्ये बदलते आणि गुणक बदलतो बिलिंगच्या टेबलावर. मधला कागद हरवला की संपलं.

टेस्टिंगवाले_काका
मला पटत नाही. आज ताईंना चूक सापडली कशामुळे? बिलावर ४०० छापलेले होते म्हणून. तेच २०/५ मीटरच्या आत राहून गेले असते, बाहेर 'गुणक १' दिसला असता आणि सगळे निश्चिंत. शिवाय प्रोग्राम बदलायचा म्हणजे सील तोडणं, आधीचं आणि नंतरचं रीडिंग वेगळं धरणं, नाहीतर तोच महिना उलटा होतो.

डेटा_देशपांडे
प्रोग्रामही डिस्प्लेवर दाखवता येतो, काका. आणि करंट २४.६ दिसला असता तर यांच्या इलेक्ट्रिशियनला भागाकार न करता कळलं असतं. सेकंडरी आकडे तुमच्या सोयीचे, गिऱ्हाइकाच्या नाहीत.

टेस्टिंगवाले_काका
डिस्प्लेवर २४.६ आणि युनिट मात्र सेकंडरीचेच, असेही मीटर असतात बरं का. डिस्प्ले पाहून गुणक १ समजलात तर सहाशेपट चुकाल.

वायरमन_विकी
मी म्हणतो, बिल कमी येतंय तर गप्प बसा. दोन वर्षांनी वसुली करता येत नाही, कायदाच आहे.

कोर्टकचेरी
विकी, वीज कायदा २००३ चं कलम ५६(२) तुम्ही अर्धं वाचलंय. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की रक्कम देय होते ती बिल दिल्यावर. चूक सापडली की पुरवणी बिल काढता येतं. २०२१ मधला हरियाणातल्या प्रेम कॉटेक्सचा खटला तर नेमका गुणकाचाच: १० ऐवजी ५ लागला होता, आणि कंपनीची मागणी टिकली. चूक कंपनीचीच होती, तरीही.

हिशेब_मिरज
आज एलटी पॅनलवर ६२०, त्याच मिनिटाला मीटरवर ४.१. म्हणजे ६०० च. १,५०,७२० युनिट हवे होते, एका महिन्याचे ५०,२४० राहिले. एमडी ०.७८ गुणिले ६०० म्हणजे ४६८. मालकांना दाखवलं, ते दहा मिनिटं काही बोललेच नाहीत. आता म्हणतात अर्ज दे, पण हप्ते मागून घे. व्याज लावतील का?

कोर्टकचेरी
चूक तुमची नाही, तेव्हा हप्ते आणि बिनव्याजी, दोन्ही लेखी मागा. सीटी बदलल्याच्या दिवसाचा अहवाल आणि त्या दिवशीचं रीडिंग अर्जाला जोडा.

टेस्टिंगवाले_काका
आणि त्या दिवशीचं रीडिंग नसेल तर मीटरचा डेटा उतरवून मागा. मार्च महिना दोन तुकड्यांत मोडावा लागेल, सीटी बदलेपर्यंत ४०० आणि नंतर ६००. नाहीतर पूर्ण मार्चला ६०० लावतील.

डेटा_देशपांडे
बघा, पुन्हा कागदच शोधायचा.