अनुभव धागा: परक्या फ्रिजातला शिळा भात

चरईची आई: मुलगा इंग्लंडात लीड्सला शिकतोय, चौघांत एक फ्लॅट, एकच फ्रिज. गेल्या बुधवारी रात्री साडेबाराला फोन, तिकडे तेव्हा आठ वाजलेले. डबा कॅमेऱ्यासमोर धरून म्हणतो, "आई, हा मसालेभात चालेल का गं?" रविवारी त्यांच्यातल्या नाशिकच्या मुलाने पातेलंभर केला होता. मी म्हटलं, वास घे. तो म्हणाला, वास मस्तच आहे, लवंगेचा. बुळबुळीत? नाही. आंबूस? नाही. मग मला काही सुचेना. दोन तास मी ठाण्यात जागी, तो तिकडे उपाशी. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा.

ऐरोलीकर: त्यात एवढं काय? चांगला खदखदून गरम करायचा, जंतू मरतात. मी बहरीनला सात वर्षं असाच जगलो.

सानपाडा_२२: फ्रिजचं नाव काढू नका! खारघरला पीजीत होते तेव्हा माझी श्रीखंडाची वाटी दर आठवड्याला अर्धी व्हायची. डब्यावर नाव लिहिलं तर नावासकट चाटून ठेवली. शेवटी कारल्याच्या भाजीच्या डब्यात श्रीखंड ठेवायला लागले.

रबाळे कँटीनवाला: ताई, मुलाला विचारा, रविवारी भात शिजल्यावर फ्रिजात किती वाजता गेला? बुधवारच्या वासापेक्षा ते महत्त्वाचं.

चरईची आई: विचारलं. नऊला जेवले, मग मॅच बघत बसले. पातेलं झाकण लावून गॅसवरच. दीड वाजता डब्यात भरला.

रबाळे कँटीनवाला: मग टाकायला सांगा. एमआयडीसीत बावीस वर्षं कँटीन चालवलं, भाताने मला जेवढं शिकवलं तेवढं चिकननेही नाही. कच्च्या तांदळातच एका जंतूची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात. झाकलेलं मोठं पातेलं आतून तासन् तास कोमटच असतं. तिथे काही जंतू विष सोडतात, आणि ते विष उकळून जात नाही. ऐरोलीकर, जंतू मरतात हे तुमचं बरोबर, पण त्याने आधीच करून ठेवलेली घाण ताटात राहते. वासही येत नाही. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत, कधी पाच-सहा तासांनी उलट्या सुरू होतात.

आम्ही भात उतरवला की परातीत दोन बोटं जाडीचा पसरायचो, वर पंखा, आणि तासाभरात फ्रिजात. झाकण गार झाल्यावरच. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख आणि वेळ. इंग्लंडात तर सरकारी सल्लाच आहे की भात फ्रिजात एकच दिवस ठेवा. अमेरिकेत शिळ्या अन्नाला तीन-चार दिवस देतात, पण शिजल्यापासून दोन तासांत आत गेलं असेल तर.

ऐरोलीकर: आमच्या घरी रात्रीचा भात ओट्यावर, सकाळी फोडणीचा भात. तीन पिढ्या. कोणाला काही झालं नाही.

रबाळे कँटीनवाला: मीही तोच खाऊन वाढलो. दरवेळी विष होतंच असं नाही. घरी चार मुठी भात उरतो, तो लवकर निवतो. पातेलंभर निवत नाही. पण मे महिन्यातल्या ठाण्यात ओट्यावरच्या भाताची हमी मी देणार नाही.

चरईची आई: अजून एक. मुलाने पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर घालून रात्रभर वरच्या कप्प्यात ठेवला. सकाळी ९ अंश! दारापाशी कोणाची तरी दुधाची बाटली आडवी, दार बोटभर उघडं राहत होतं.

रबाळे कँटीनवाला: ५ किंवा त्याच्या खाली हवं. पोराने ग्लासात घातला हे चांगलं केलं. हवेतला आकडा दार उघडलं की लगेच उडतो.

माजिवड्याची सूनबाई: पण मालकाला न विचारता टाकायचा? माझ्या नणंदेने दुबईत रूममेटची तीन दिवसांची बिर्याणी टाकली, तर तिने महिनाभर अबोला धरला.

चरईची आई: तेच झालं. आमच्याने गुरुवारी सकाळी भात कचऱ्यात टाकला. नाशिककर भडकला, "मी मंगळवारी त्यातलाच खाल्ला, मला काय झालं?" आता यावर मुलाने काय उत्तर द्यायचं?

सानपाडा_२२: मंगळवारी खाल्ला म्हणजे भात त्याने संपवायला घेतला होता. टाकायचा हक्क त्याचाच.

रबाळे कँटीनवाला: हक्काचं मला कळत नाही. परात घेऊन द्या दोघांना.

चरईची आई: परात कुरिअरने पाठवायचा खर्च विचारून आले. त्यात तिकडे चार पराती येतील.