चार महिन्यांसाठी औद्योगिक शिलाई मशीन: भाड्याने, जुनं की नवं?

रेशीमगाठ
जाड कापडाच्या पिशव्यांचं चार महिन्यांचं काम आलंय. घरगुती मशीन चार पदरांवर अडतं. पुढे काम मिळेल की नाही, सांगता येत नाही. काय करू?

उसवणटिपणी
जुनी मशीनं ओतीव लोखंडाची असतात, काही होत नाही त्यांना. डोळे झाकून जुनं घे.

काजेबटण
लोखंडाला काही होत नाही हे खरं, पण झिजतात ते आतले भाग. आधी हिशोब. समजा नवं मशीन १०० ला, भाडं महिन्याला ५, म्हणजे चार महिन्यांचे २०. जुनं ५० ला घेऊन ४० ला विकलंस तर १० च गेले. पण दुरुस्तीत १० हून जास्त घातलेस की भाडंच बरं होतं. म्हणून सगळं मशीन पारखण्यावर आहे.

जाताना स्वतःचं कापड, नवी सुई आणि दोन रंगांचे दोरे ने, एक वर, एक बॉबिनमध्ये. विकणारा पातळ चिंधीवरच शिवून दाखवतो, त्यावर कुठलंही मशीन गोड चालतं. तू चार पदर घाल आणि शिवणीच्या गाठीवरून ने. तिथे टाका सुटला तर शटलचं टोक बोथट असेल किंवा टायमिंग सरकलं असेल. टायमिंग कारागीर लावून देतो, टोक गेलं असेल तर शटल बदलावं लागतं. मग पट्टा काढून हातचाक हळू फिरव. एकाच जागी जड लागलं तर सोडून दे. सुईदांडा धरून हलव, खडखडला तर बुश झिजलेत. शेवटी खालच्या तेलाच्या ताटलीत बोट बुडव. तेल काळं असलं तर चालेल, त्यात चमचम दिसली तर तो धातूचा चुरा. मी हे न बघता एक घेतलं होतं, दीड महिन्यात शाफ्ट अडकला.

तव्यावरची
मी जुना ओव्हन घेतला होता. आकडा १८० दाखवायचा, आत थर्मामीटर ठेवला तर १५५! दाराचं रबरही कडक झालेलं.

काजेबटण
ताई, इथे शिलाई मशीन चाललंय :) पण तुमचं बरोबर आहे, आकड्यावर जाऊ नये.

रेशीमगाठ
एक बघून आले. गाठीवर दोन टाके सुटले, तेल स्वच्छ, चाक हलकं. पण मोटर नुसती चालू केली तरी घूं घूं करत राहते.

काजेबटण
ती क्लच मोटर, तशीच असते. शिवत नसतानाही फिरते, म्हणून वीज खाते. सर्वो बसवता येते, पायदान दाबल्यावरच फिरते आणि सावकाशही शिवता येतं. तो खर्च मात्र हिशोबात धर. मोटरच्या पाटीवर फेज काय लिहिलंय?

रेशीमगाठ
तीन. घरी एकच आहे.

उसवणटिपणी
कपॅसिटर लावून चालते की.

काजेबटण
चालते, पण जोर कमी पडतो, आणि तुझ्या कामाला जोरच हवाय. मी तरी सर्वोच्या पैशाएवढी किंमत पाडून मागेन. नाही दिली तर भाड्याने.

रेशीमगाठ
भाड्याचं मशीन बिघडलं तर दुरुस्ती कुणाकडे? तो म्हणतो, तुमच्याकडे.

उसवणटिपणी
मग भाडं कसलं घेतो?