ओव्हनमध्ये समोसे पांढरेच राहतायत, मदत हवी आहे (तातडीची)

प्राजू_क
न तळता समोसे करायला घेतले. १८० वर २० मिनिटं ठेवले. वरून पांढरेफटक, बुडाशी ओले. आणखी १० मिनिटं ठेवले तर कडा दात लागणार नाही इतक्या कडक, रंग नाहीच! परवा बारा माणसं येणार आहेत. किती तापमान, किती वेळ, एवढंच सांगा.

भटारखाना
आधी तुम्ही सांगा. ओव्हन कुठला? आधी तापवला होता का? तेल कधी आणि कुठे लावलं? मोहन किती?

रानजाई
सरळ २३० वर १२ मिनिटं. माझे स्प्रिंग रोल असेच करते, मस्त कुरकुरीत होतात.

भटारखाना
रानजाईताई, रोलची पट्टी पातळ, तिला चालेल. समोशाची पारी जाड असते, जोडाशी तर दुप्पट. २३० वर वरून लाल होईल आणि जोड आतून पिठूळ राहील.

सई१२
फ्रीजरमधले समोसे एअर फ्रायरमध्ये तसेच टाकायचे की आधी बाहेर काढून ठेवायचे?

प्राजू_क
सईताई, वेगळा धागा काढा ना, प्लीज.
ओटीजी आहे, फक्त खालचा रॉड लावला होता. आधी तापवला नाही. तेल वरून, १० मिनिटांनी. मोहन वाटीभर मैद्याला दीड चमचा. सारण गरमच भरलं, वेळ नव्हता.

भटारखाना
मग आकड्याचा दोष नाही. कढईत तेल पारीला सगळीकडून भिडतं. ओव्हनमध्ये नुसती गरम हवा, त्यात कोरडी पारी रंग धरायच्या आधीच वाळते. म्हणून मोहन वाढवा, वाटीला तीन मोठे चमचे. पीठ मुठीत दाबलं की मुटका टिकला पाहिजे. सारण पूर्ण गार होऊ द्या, त्याच्याच वाफेने बूड ओलं झालं.
दोन्ही रॉड लावून १९० वर १५ मिनिटं तापवा. समोसे आत जाण्याआधीच ब्रशने सगळीकडून तेल लावा, बुडाला आणि घडीतसुद्धा. ट्रेऐवजी जाळीवर ठेवा. २० मिनिटांनी उलटा, पुन्हा हलका तेलाचा हात, मग १२ ते १५ मिनिटं. पंखा लावणार असाल तर १७५ पुरे.

रानजाई
तेलापेक्षा दूध लावा, रंग छान येतो.

भटारखाना
रंग येतो, पण पारी पावासारखी मऊ पडते.

रानजाई
आमच्याकडे नाही पडत.

प्राजू_क
आत्ता चारच करून पाहिले. तीन सोनेरी, बूड टकटक वाजतंय! चौथ्याला लाटतानाचं कोरडं पीठ चिकटलं होतं, तेवढाच डाग पांढरा राहिला. पारी तळलेल्यासारखी नाही, खारीकडे झुकणारी आहे, पण मला आवडली. आता एकच सांगा, दोन जाळ्या एकदम लावल्या तर चालेल का? एका खेपेला आठच मावतात.

भटारखाना
पंखा नसेल तर एकच जाळी. दोन लावल्या की वरचे आधी लाल होतात.

रानजाई
मी दोन लावते, मध्ये फक्त अदलाबदल करते.