हळदीच्या दराचा डॅशबोर्ड: वर्गातलं काम बाजारात आणावं का?

यार्डातला: पुतणीने कॉलेजच्या प्रोजेक्टला सांगलीच्या हळदीच्या दराचा डॅशबोर्ड केलाय. data.gov.in या सरकारी साइटवरचे दर, ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवायला GitHub Actions, पान दाखवायला GitHub Pages, खर्च शून्य. वर ठळक लिहिलंय, ‘आजचे दर, आपोआप अपडेट’. फुकटातल्या कामावर शेतकऱ्याने माल सोडायचा का? असली खेळणी वर्गातच ठेवा.

विश्रामबाग: फुकटाला का झोडपताय? खोट तारखेत आहे. त्या पानावर स्क्रिप्ट चालल्याची वेळ दिसते, दराची नाही. सौदे बंद असले तरी स्क्रिप्ट चालते, हिरवी टिक येते, तारीख आजची लागते आणि दर मात्र मागच्या सौद्याचाच राहतो. नोंदीत `arrival_date` येतं, तेच दराशेजारी छापायला सांगा. शिवाय ती तिथली रोजच्या दरांची यादी वापरत असेल तर त्यात फक्त चालू दर मिळतात. मागचा आलेख हवा तर रोजची ओळ CSV फाइलमध्ये साठवावी लागते, आणि चुकलेला दिवस आलेखात मोकळा सोडावा लागतो.

मिरजकर: GitHub ६० दिवसांनी शेड्यूल बंद करतं. सर्व्हर विकत घ्या, प्रश्न मिटला.

विश्रामबाग: सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल नसेल तरच. रोज नवी ओळ कमिट होते तोवर ती वेळ येत नाही. हंगाम संपून ओळी थांबल्या की येते, हे तुमचं बरोबर. पण मुळातून दरच आले नाहीत तर विकतचा सर्व्हर काय दाखवणार? आणि शेड्यूलची वेळ UTC मध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. रात्री आठसाठी

```
- cron: "30 14 * * *"
```

इथे `0 20` लिहिलं तर ते मध्यरात्रीनंतर दीडला चालतं.

तासगावचा शेतकरी: तुमची घड्याळं राहू द्या. मागच्या हंगामात फळ्यावरचा दर बघून गाडी भरली. पट्टी हातात आली तेव्हा दर खाली, वर हमाली-तोलाई कापलेली. ते कुठल्या डॅशबोर्डात दिसतं?

यार्डातला: माल ओला आणला असेल. दरवेळी व्यापाऱ्याच्या नावाने बोंब!

तासगावचा शेतकरी: पॉलिश करून, वाळवून आणला होता. न बघता बोलू नका.

विश्रामबाग: भांडू नका. `modal_price` म्हणजे जास्तीत जास्त माल ज्या दराने गेला तो, तुमच्या ढिगाचा नाही. हळकुंड आणि गड्डा एकाच दराने जात नाहीत. म्हणून किमान-कमाल दोन्ही दाखवायला हवेत. कपात मात्र या आकड्यांत नसतेच.

तासगावचा शेतकरी: मग अर्धीच गोष्ट दिसली. आमचं नुकसान त्या अर्ध्यातच होतं.

मिरजकर: पट्ट्यांचे फोटो गोळा करून ती कपात मांडता येईल की.

यार्डातला: लोकांच्या पट्ट्या चव्हाट्यावर? मुळीच नाही. तारीख आणि किमान-कमाल तेवढं पुतणीला सांगतो. ‘आजचे’ हा शब्द मात्र आधी काढायला लावतो.

तासगावचा शेतकरी: नावं झाकून पट्टी द्यायला मी तयार आहे.