एक तारा, चार ओळी: उघड उत्तर द्यावं का?

गुहागरची होमस्टेवाली:
आमच्या चार खोल्या आहेत. गेल्या रविवारी गेलेल्या पाहुण्यांनी गूगलवर एक तारा दिलाय: "सकाळी पाण्याचा थेंब नाही. सुरमई थाळीचा भाव सांगितला एक, लावला दुसरा. मालकीण उद्धट. चक्क लूट." पाणी नव्हतं हे खरं आहे. शनिवारी रात्री लाईट गेली, पंप चालला नाही, रविवारी साडेसात ते दहा नळ कोरडे होते. बादल्या पोचवल्या, त्या पुरल्या नाहीत. पण सहा जण सांगून ते नऊ जण आले, टाकी त्यामुळेच संपली. थाळीचे ४५० भिंतीवरच्या फळ्यावर स्वच्छ लिहिलेत. मी हे सगळं लिहून ठेवलंय, फक्त टाकायचं बाकी आहे. टाकू का? की गप्प बसू?

दापोलीकर:
ताई, गप्प बसा. उत्तर दिलं की भांडण वाढतं. ओळखीच्या वीस जणांना पाच तारे द्यायला सांगा, ही तक्रार आपोआप खाली जाईल.

बुकिंग सांभाळणारा:
दापोलीकर, न राहिलेल्या माणसांकडून तारे घेणं गूगलच्या नियमात बसत नाही. शिवाय एकाच आठवड्यात वीस कौतुकं आली की वाचणाऱ्याला वास येतो. बारा वर्षं लॉजची बुकिंगं बघतोय. लोक आधी एक तारेवाले अभिप्राय उघडतात आणि त्याखाली मालक काय म्हणतो ते वाचतात.

म्हणून ताई, उत्तर द्याच. ते त्या पाहुण्यांसाठी लिहू नका, पुढच्या महिन्यात खोली शोधणाऱ्या बाईसाठी लिहा. तिला एवढंच कळायला हवं की आपण गेलो तर नळाला पाणी असेल का. नऊ जण आल्याचं काढून टाका. खरं असलं तरी तिला त्यात एवढंच दिसेल की पाहुण्यांची माणसं हे मोजतात आणि नंतर चारचौघांत काढतात.

कायद्याची बाजू:
त्यापेक्षा रिपोर्ट करून काढून टाकायला लावा. "लूट" म्हणणं बदनामीच आहे. आणि पाणी नव्हतं हे लेखी कबूल केलंत तर उद्या ग्राहक आयोगात तोच कागद पुढे येईल.

बुकिंग सांभाळणारा:
रिपोर्ट शिवीगाळ, खोटं खातं, स्पर्धकाने लिहिलेलं अशासाठी चालतो. राहून गेलेल्या माणसाचं कडवट मत गूगल सहसा काढत नाही. लेखी कबुलीचं मात्र बरोबर आहे. कोणाला इजा झाली असती किंवा पैशांचा मोठा दावा असता तर मीही आधी वकिलाला विचारा म्हटलं असतं. अडीच तास पाणी नव्हतं, हे नऊ जणांनी पाहिलंय. ते झाकून काय मिळणार?

दाताच्या दवाखान्यात काम करते:
मी तर म्हणते उत्तरच नको. आमच्याकडे कोणीतरी रागाने लिहिलं होतं, आमच्या काउंटरवरच्या मुलीने खाली टाकलं, "तुम्हीच रूट कॅनाल अर्धवट सोडून गेलात." त्या बाईंच्या तोंडचं दुखणं गावभर झालं. डॉक्टरांना घरी जाऊन माफी मागावी लागली.

बुकिंग सांभाळणारा:
दवाखान्यात तो माणूस पेशंट आहे हेसुद्धा उघड बोलू नये, तिथे फक्त "दवाखान्यात फोन करा" एवढंच. होमस्टेला तेवढं बंधन नाही, पण पाहुण्याचं नाव, खोली, बरोबर कोण होतं हे इथेही नको. ताई, मी असं लिहिलं असतं:

"नमस्कार. शनिवारी रात्री लाईट गेली, पंप चालला नाही आणि रविवारी सकाळी साडेसात ते दहा नळाला पाणी नव्हतं. आम्ही बादल्या पोचवल्या, पण त्या पुरल्या नाहीत. याबद्दल मनापासून माफी. थाळीचा भाव ४५० आहे आणि जेवणघरातल्या फळ्यावर लिहिलेला आहे. फोनवर वेगळं ऐकू आलं असेल तर मला कळवा, मी हिशेब बघते. माझ्या बोलण्याने तुम्ही दुखावलात याचं वाईट वाटतं."

एका अभिप्रायाखाली मालकाचं एकच उत्तर राहतं. नंतर ते बदलता येतं, पण पाहुण्यांना सूचना गेलेली असते. म्हणून रात्री टाकू नका. आणि पैसे परत द्यायचे असतील तर फोनवर द्या, "तारे वाढवा" ही अट न घालता. तेही नियमाबाहेर आहे.

खानावळवाली, कोथरूड:
नऊ जणांचं वाक्य काढलं म्हणजे सगळा दोष ताईंनी एकटीने घेतला. दुसऱ्या कोणाला वाटेल इथे टाकीच लहान आहे. "ठरल्यापेक्षा जास्त माणसं असली तर आधी सांगा, पाण्याची सोय करतो" एवढं सौम्य तरी लिहा.

बुकिंग सांभाळणारा:
ते खोल्यांच्या माहितीत लिहा. उत्तरात तो टोमणाच वाटतो.

गुहागरची होमस्टेवाली:
फोनवरचं मिस्टरांना विचारलं. त्यांनी ३५० म्हटलं होतं, बांगडा थाळीचे. पाहुण्यांनी सुरमई विचारली होती की नाही हे आता मिस्टरांनाही आठवत नाही. म्हणून "वेगळं ऐकू आलं असेल" काढलं आणि "फोनवर आमच्याकडून बांगड्याचा भाव सांगितला गेला, घोळ आमच्याकडून झाला" असं लिहून आज सकाळी टाकलं. थाळीमागे १०० रुपये परत पाठवतेय. पाहुण्यांनी अजून काही लिहिलेलं नाही.

खानावळवाली, कोथरूड:
भावाचं छान केलंत. नऊ जणांचं मी अजूनही घातलं असतं.